वीज तीन दिवस गेली तर? एमर्जन्सी लाइट घेताना करायचा हिशेब

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज आली नाही. दोन तासांच्या लोडशेडिंगसाठी घेतलेला दिवा अशा वेळी पहिल्या रात्रीतच संपतो, आणि तो पुन्हा चार्ज करायला घरात वीज नसते. म्हणून लांबच्या अंधारासाठी दिवा घेताना प्रकाश किती यापेक्षा बॅटरी कोणती, किती आणि ती भरायची कशी, हे आधी पाहायला हवं.

स्वस्त आणि हाताला जड लागणाऱ्या दिव्यांत बहुधा लेड-ॲसिड बॅटरी असते. ती पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग रात्रभर चार्जिंगला लावूनही दिवा दहा-पंधरा मिनिटांत मलूल होतो. दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेला दिवा जूनमध्ये दगा देतो, तो यामुळेच. असा दिवा घरात असेल तर दोन महिन्यांतून एकदा तरी पूर्ण चार्ज करावा. लिथियम-आयन बॅटरी हलकी असते आणि पडून राहिली तरी हळूहळू उतरते. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या दिव्यासाठी तीच बरी.

आता डब्यावरच्या तासांचं पाहू. लिथियम बॅटरीवर 2000 एमएएच लिहिलं असेल तर ते झाले 2 अँपिअर-तास. त्याला 3.7 व्होल्टने गुणलं की 7.4 वॅट-तास मिळतात. दिवा 3 वॅटचा असेल तर हिशेबाने अडीच तास. थोडी शक्ती सर्किटमध्ये जाते, म्हणजे दोन-सव्वादोन तास धरावेत. त्याच दिव्याच्या डब्यावर ‘8 तास’ छापलं असेल, तर ते मंद प्रकाशाचे तास आहेत. टॉर्चचं मापन करणारं एएनएसआय एफएल-1 हे प्रमाणही प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतं. शेवटच्या तासांत वाट दिसेल, पण वाचता येईलच असं नाही.

एका घराचा हिशेब मांडू. स्वयंपाक, जेवण आणि आवराआवर यांसाठी संध्याकाळी पाच तास उजेड हवा, असे तीन दिवस म्हणजे पंधरा तास. छोट्या खोलीत जेवणापुरता 1 वॅटचा एलईडी पुरतो. पंधरा वॅट-तासांत नासाडीचे दोन-तीन मिळवा, गरज झाली सुमारे अठरा. म्हणजे 5000 एमएएचची लिथियम बॅटरी आणि प्रकाश कमी करायची सोय असलेला दिवा. रात्री उठण्यासाठी छोटा टॉर्च वेगळा ठेवावा.

फिलिप्स, विप्रो, हॅलोनिक्स, बजाज यांचे होल्डरमध्ये बसणारे इन्व्हर्टर बल्ब सोयीचे असतात, पण ते चार्ज होतात फक्त होल्डरमध्ये आणि तेही वीज असतानाच. तीन-चार तासांच्या खंडासाठी ते उत्तम, तीन दिवसांसाठी अपुरे. लांबच्या अंधारासाठी यूएसबीने चार्ज होणारा दिवा घ्यावा. 10000 एमएएचची पॉवर बँक वरचा 2000 एमएएचचा दिवा दोन-तीनदा भरते, शिवाय गाडीतूनही चार्जिंग करता येतं. सोलर पट्टी असेल तर चांगलंच, पण पावसाळी ढगांत तिच्यावर विसंबू नये.

ब्रँडच्या नावापाशी थांबू नका, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत बॅटरी निराळी असू शकते. बॅटरीचा प्रकार आणि एमएएच डब्यावर नसतील तर दिवा परत ठेवा. टॉर्चमध्ये बदलता येणारा 18650 सेल असेल तर जादा सेल भरून ठेवता येतो. मात्र या आकाराच्या सेलमध्ये साधारण 3500 एमएएचच मावतात, त्यामुळे ‘9900’ छापलेला सेल खोटाच समजा. बीआयएसच्या खुणेखाली R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

दिवा घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा, संध्याकाळी सातला अंधाऱ्या खोलीत लावा आणि दर तासाला त्याखाली वर्तमानपत्र वाचून पाहा. अक्षरं लागेनाशी झाली, की तेवढेच त्या दिव्याचे खरे तास. ही परीक्षा परतीची मुदत संपायच्या आत घ्या आणि पुढे दर मे महिन्यात पुन्हा घ्या.