एका मिनिटात किती प्राणी?

‘काका, एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा.’ घड्याळ सुरू होतं. गाय, म्हैस, बैल, शेळी... गोठा संपला की माणूस क्षणभर थांबतो आणि मग जंगलात शिरतो: वाघ, बिबट्या, कोल्हा. ‘गाय’ पुन्हा आली तर ती मोजायची नाही. मिनिट संपलं की कागदावर एक आकडा उरतो. न्यूरोसायकॉलॉजीतली ही अगदी साधी चाचणी. शब्द शोधून काढण्याची मेंदूची क्षमता ती तपासते. अवघड भाग पुढे येतो, कारण गोळा झालेल्या या मूठभर आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, ते ठरवायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मीच बांधले आहेत, पण एम.ए.च्या प्रबंधात अशाच आकाराची माहिती असते. १२ निरोगी माणसं, मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले १२ रुग्ण आणि डाव्या भागात झटका आलेले १२. सरासरी प्राणी अनुक्रमे १८, १६ आणि १३. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं माप, निरोगी गटात ४ आणि दोन्ही रुग्णगटांत ५.

विद्यार्थ्याचा हात आधी टी-चाचणीकडे जातो. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिचा पाया घातला, तोही थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत म्हणूनच. तेव्हा लहान नमुना हा काही तिचा शत्रू नाही. पण ती एका वेळी दोनच सरासऱ्यांची तुलना करते. आपल्याकडे तीन गट, म्हणजे तीन जोड्या. प्रत्येक तुलनेत नसलेला फरक ‘सापडण्याची’ शक्यता ५ टक्के ठेवली, तर तिन्ही मिळून ती साधारण १४ टक्क्यांवर जाते.

म्हणून इथे अनोव्हा. ती तिन्ही गटांना एकदम विचारते: गटागटांमधला फरक हा गटांच्या आतल्या पसाऱ्याच्या मानाने मोठा आहे का? आपल्या आकड्यांत एफ येतो ३.४५ आणि पी ०.०४३. गट सारखे नाहीत असं म्हणायला आधार आहे, पण कोणता गट कोणापेक्षा वेगळा, ते अनोव्हा सांगत नाही. त्यासाठी टुकी यांच्या पद्धतीने जोड्या तपासायच्या. तीन जोड्यांची किंमत त्या पद्धतीत आधीच वसूल केलेली असते. इथे निरोगी आणि डावा गट ही एकच जोडी उंबरठा ओलांडते. अर्थात, माहिती गोळा करण्यापूर्वीच ‘मला फक्त डावा गट आणि निरोगी गट यांचीच तुलना करायची आहे’ असं लिहून ठेवलं असेल, तर एकच टी-चाचणी पूर्णपणे रास्त आहे. गटांचा पसारा कमीजास्त असतो, म्हणून ती वेल्च यांच्या पद्धतीची घ्यावी.

आता परिणामाचा आकार, म्हणजे इफेक्ट साइझ. पी-मूल्य फरक किती मोठा ते सांगत नाही. डाव्या गटाला ५ प्राणी कमी आठवले. हा ५ दोन्ही गटांच्या एकत्रित पसाऱ्याने, ४.५३ ने, भागला की १.१० मिळतो. हा कोहेन यांचा डी. लहान नमुन्यात तो थोडा फुगतो, म्हणून हेजेस यांची दुरुस्ती लावायची. मग तो होतो १.०७. इथे फरक किरकोळ दिसतो, पण गटात पाच-पाचच माणसं असती तर तोच आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी खाली आला असता. अनोव्हाचंही तसंच. ईटा-वर्ग सांगतो की एकूण चढउतारातला १७ टक्के भाग गटांमुळे आहे. ओमेगा-वर्ग तोच हिशेब नमुन्याचं लहानपण लक्षात घेऊन करतो आणि १२ टक्के म्हणतो. इतक्या लहान अभ्यासात मी ओमेगाच छापायला सांगते.

पण आकाराचा एकटा आकडा अर्धंच बोलतो. १.०७ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण ०.२४ ते १.९० असा पसरलेला आहे. फरक किरकोळ असू शकतो, प्रचंडही असू शकतो. बारा-बारा माणसांकडून याहून नेमकं उत्तर मिळत नाही. कोहेन यांनी ०.८ ला ‘मोठा’ म्हटलं म्हणून ‘मोठा परिणाम आढळला’ एवढंच लिहून हा पसारा झाकणं मला अप्रामाणिक वाटतं.

सहसंबंध केव्हा? माणसांचे गट नसून प्रत्येकाची दोन मोजमापं असतात तेव्हा, उदाहरणार्थ शिक्षणाची वर्षं आणि प्राण्यांची संख्या. इथला सापळा मी वारंवार पाहिला आहे. छत्तीसही माणसं एकत्र करून चालण्याचा वेग आणि प्राणी यांचा सहसंबंध काढला जातो. निरोगी माणसं चालतातही भराभर आणि प्राणीही जास्त सांगतात, म्हणून आलेखावर ठिपक्यांचे तीन पुंजके तिरके मांडले जातात आणि सहसंबंध भक्कम दिसतो. एकेका पुंजक्याच्या आत पाहिलं तर कदाचित काहीच नसतं. म्हणून आधी आलेख काढावा, प्रत्येक गटाला वेगळा रंग द्यावा. बारा जणांच्या एका गटात ०.५० सहसंबंध आला, तरी त्याचा इंटर्व्हल उणे ०.१० ते ०.८३ असतो. त्यावर सिद्धांत उभारता येत नाही.

सगळ्यात जास्त चुका मात्र अखेरच्या वाक्यात होतात. ‘डाव्या गटात दोष आढळला, उजव्यात नाही, म्हणून शब्द शोधण्याचं काम डाव्या बाजूचं.’ ऐकायला सरळ वाटतं. पण निरोगी आणि उजवा गट यांच्यातला फरक २ प्राण्यांचा आहे आणि इंटर्व्हल उणे १.८ ते ५.८. म्हणजे फरक नाही असं ठरलेलंच नाही, फक्त दिसलेला नाही. आणि डाव्या-उजव्यांची थेट तुलना केली तर ३ प्राण्यांचा फरक, उणे १.२ ते ७.२. दोन्ही बाजू वेगळ्या आहेत हे कुठेच सिद्ध झालेलं नाही. न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये याच जातीची चूक मोजली होती. ती घडू शकेल असे १५७ शोधलेख त्यांनी पाहिले, त्यातल्या ७९ मध्ये ती होती. नामवंत नियतकालिकांतले लेख होते ते.

या आकड्यांवरून निकालाच्या पानावर मी एवढंच लिहू देईन:

```
F(2, 33) = 3.45, p = .043, ω² = .12
निरोगी − डावा: 5.0 प्राणी, 95% CI [1.2, 8.8]
Hedges g = 1.07, 95% CI [0.24, 1.90]
```

त्याखाली उरलेल्या दोन जोड्यांचे फरकही त्यांच्या इंटर्व्हलसकट, तितक्याच मोठ्या अक्षरात. आणि तिन्ही गटांचं सरासरी शिक्षण किती वर्षांचं होतं, तेही. कमी शिकलेल्या माणसाला या चाचणीत एरवीही कमी प्राणी सुचतात. डाव्या गटात चौथीपर्यंतच शिकलेले चार जण जास्त असतील, तर त्या ५ प्राण्यांतले काही पक्षाघाताचे नसून शाळेचे असतील.