‘लिव ला’मधला ‘ला’ कुठून आला?

हैतीच्या क्रिओल भाषेत ‘ते पुस्तक’ म्हणायचे तर ‘लिव ला’ म्हणतात. ‘लिव’ फ्रेंचमधलाच, पण फ्रेंच उपपद नामाच्या आधी येते आणि हैतीतला ‘ला’ नामाच्या नंतर. ‘मी विकत घेतलेले ते पुस्तक’ म्हणताना तर तो आणखी मागे सरकतो: ‘लिव म्वें ते आश्ते आ’. स्वरानंतर ‘ला’चा ‘आ’ होतो, आणि तो सगळ्या पदसमूहाच्या शेवटी बसतो. क्रिओल भाषांच्या जन्माविषयीचा वाद या एका अक्षरापाशी नीट दिसतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच मळेवाल्यांनी तिथे आफ्रिकेतून गुलाम आणले. पहिल्या निर्णायक दशकांत त्यांच्यात आजच्या बेनिनच्या किनाऱ्यावरचे, फोन आणि तिच्या भगिनीभाषा बोलणारे लोक पुष्कळ होते. फोनमध्येही उपपद पदसमूहाच्या शेवटीच येते. त्यावरून क्लेअर लफेव्र यांनी मांडले की गुलामांनी आपले व्याकरण तसेच ठेवून त्यात फ्रेंच शब्द भरले. ही झाली अधःस्तराची, म्हणजे दबलेल्यांच्या भाषेची बाजू. रोबेर शोदाँसाँ अधिस्तराच्या, म्हणजे मालकांच्या भाषेच्या बाजूचे. मळ्यांवर कानी पडणारी फ्रेंच पुस्तकी नव्हती, आणि बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये नामामागे ‘ला’ जोडण्याची लकब आजही आहे.

नुसत्या साम्यावरून इथे निकाल लागत नाही, कारण साम्य दोन्हीकडे आहे. खरी कसोटी म्हणजे मालकांची भाषा तीच, पण गुलामांच्या भाषा वेगळ्या असलेली वसाहत. मॉरिशस तशी आहे. तिथले गुलाम मुख्यतः मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतले, तरी तिथेही ‘लिव ला’च म्हणतात. हा पुरावा फ्रेंचच्या बाजूने झुकतो. मात्र १७३०च्या सुमारास, वसाहत नवी असताना, पश्चिम आफ्रिकेतलेही काही गुलाम तिथे आले होते, म्हणून कोण केव्हा उतरले याच्या जहाजांच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. मराठी गिरमिटिये मॉरिशसला पोचले ते १८३४ नंतर. तोवर क्रिओल घडून गेली होती, त्यामुळे तिच्या जन्माच्या वादात मराठीशी असलेले साम्य पुरावा म्हणून धरता येत नाही.

तिसरी बाजू डेरेक बिकर्टन यांची. १९८१मध्ये त्यांनी हवाईच्या आधारे म्हटले की मोडक्यातोडक्या पिजिनवर वाढणारी मुले उपजत भाषाशक्तीतून एकाच पिढीत पूर्ण व्याकरण घडवतात. पुढे सारा रॉबर्ट्स यांनी तिथली जुनी वर्तमानपत्रे आणि न्यायालयीन जबान्या तपासल्या. हवाईत जन्मलेली पहिली पिढी आईबापांची भाषा चांगली बोलत होती, आणि क्रिओलची बरीच लक्षणे पक्की झाली ती त्यानंतरच्या पिढीत, असे त्यांना आढळले. बिकर्टन यांच्या युक्तिवादाचा पायाच यामुळे डळमळला. तरी उपजत शक्तीचा वाटा त्यामुळे शून्य ठरत नाही. तो सिद्ध करायला असे लक्षण दाखवावे लागेल, जे संपर्कातल्या एकाही भाषेत नाही, पण एकमेकींशी संबंध न आलेल्या अनेक क्रिओल भाषांत आहे, आणि तेही त्यांच्या सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांपासून.