कुलकर्णींचे झाले ‘कलकरण’

समजा, एका मासिकाच्या वर्गणीदारांची यादी साफ करायची आहे. पत्त्यांत स्वल्पविराम, कंस, तिरक्या रेघा यांची गर्दी झालेली. मग पायथनमध्ये एक ओळ लिहिली जाते:

```
re.sub(r"[^\w\s]", "", text)
```

अर्थ सरळ आहे: अक्षर, अंक, अधोरेषा किंवा मोकळी जागा नसेल ते पुसून टाक. स्वल्पविराम जातात, पण लेबलांवर ‘कुलकर्णी’ होतात ‘कलकरण’, ‘शिंदे’ उरतात ‘शद’ आणि राणे व राणा दोघेही ‘रण’!

कारण युनिकोडमध्ये दडले आहे. तिथे ‘क’ हे अक्षर. वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त मात्र ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात. पायथनच्या `re` मधले `\w` त्या वर्गाला अक्षर मानत नाही.

चूक लवकर सापडत नाही, कारण प्रोग्रॅम कुठेही अडत नाही. इंग्रजी नावे शाबूत राहतात, ‘कदम’सुद्धा जसेच्या तसे. चाचणीला तेवढीच नावे घेतली, तर सारे आलबेल दिसते.

उपाय सोपा आहे. देवनागरीचा पट्टा वाचवायचा:

```
[^\w\s\u0900-\u097F]
```

एकदा पुसलेली मात्रा मात्र ‘रण’वरून परत काढता येत नाही. म्हणून मूळ यादी जपून ठेवा आणि पहिली चाचणी ‘कुलकर्णी’वर घ्या.