चटकमटकची १८० रूपं

चटकमटक हा शब्द घ्या. त्यातली अक्षरं उलटसुलट मांडून किती वेगवेगळे शब्द तयार होतील? अर्थ लागला नाही तरी चालेल, ‘मटकचटक’ हाही शब्दच धरायचा. हा शब्द मी निवडला कारण त्यात काना-मात्रा-वेलांटीची भानगड नाही. सहा अक्षरं आहेत. त्यांतला ट दोनदा येतो, क दोनदा येतो, आणि च व म एकेकदा. अकरावीच्या पुस्तकात आणि स्पर्धा परीक्षांत असा प्रश्न बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगवर विचारतात, पण युक्ती तीच असते. परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यात मुलांचे गुण सर्वांत जास्त जातात ते बहुधा याच जातीच्या गणितांत, आणि तेही सूत्र पाठ असून.

समजा, सहाही अक्षरं वेगळी असती. मग पहिल्या जागी सहापैकी कुठलंही, दुसऱ्या जागी उरलेल्या पाचांपैकी, असं करत ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ७२० मांडण्या झाल्या असत्या. हा गुणाकार थोडक्यात ६! असा लिहितात आणि सहा फॅक्टोरियल असा वाचतात. आता पुठ्ठ्याचे सहा तुकडे करा, एक ट लाल पेनाने लिहा, दुसरा निळ्या. दोन क सुद्धा तसेच लाल आणि निळे. रंग दिसत असताना सगळे तुकडे वेगळे आहेत, म्हणून मांडण्या ७२०. मग रंग पुसून टाका. लाल ट आधी आणि निळा नंतर, किंवा निळा आधी आणि लाल नंतर, या दोन मांडण्या आता एकच शब्द झाल्या. क चंही तसंच. म्हणजे रंग पुसल्यावरचा प्रत्येक शब्द रंगीत यादीत २ × २ = ४ वेळा आला होता. ७२० ला ४ ने भागलं की उरतात १८०.

या भागाकाराला मराठी मुलखाशी जवळचं नातं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. अंक सगळे वेगळे असतील तर संख्या किती, आणि काही अंक सारखे असतील तर त्या सारख्यांच्या भेदांनी भागायचं, हा नियम तिथे स्वच्छ दिला आहे. उदाहरणंही आहेत. २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतील? ६. आणि ४, ८, ५, ५, ५ पासून? ५! म्हणजे १२०, त्याला तीन पाचांच्या ३! म्हणजे ६ ने भागून २०. पहिल्या उदाहरणातल्या दोनांच्या जागी म आणि एकांच्या जागी ल ठेवलात तर ‘मलमल’ हा शब्द मिळतो, आणि त्याची सहाही रूपं हाताने लिहून काढता येतात: मलमल, मललम, ममलल, लमलम, लममल, ललमम. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. तो शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे.

इथपर्यंत कुणी फारसं अडत नाही. प्रश्नात अट आली की अडखळायला होतं. अटी दिसायला तऱ्हेतऱ्हेच्या असल्या तरी बहुतेकांच्या मुळाशी दोनच मागण्या असतात: अमुक अक्षरं शेजारी हवीत, किंवा अमुक अक्षरं शेजारी नकोत.

शेजारी हवीत ही मागणी सोपी. दोन्ही ट चिकटवून ‘टट’ असा एकच तुकडा करा. आता तुकडे उरले पाच: टट, क, क, च, म. त्यांच्या मांडण्या ५! भागिले २!, म्हणजे ६०. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे टटच्या आत अदलाबदल होते म्हणून २ ने गुणणं. दोन्ही ट सारखेच आहेत, आतल्या आत बदलून नवं काही मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे दोन क मुळे भागायचं विसरणं. उलट ‘च आणि म शेजारी हवेत’ अशी अट असेल तर मात्र आतली अदलाबदल मोजावीच लागते, कारण चम आणि मच वेगळे. तेव्हा पाच तुकड्यांत ट दोन आणि क दोन, म्हणून ५! भागिले ४ म्हणजे ३०, गुणिले २, पुन्हा ६०.

दोन्हीकडे ६० हा योगायोग नव्हे. सहा तुकडे एका ओळीत मांडले की त्यांतले कुठलेही ठरावीक दोन तुकडे बरोबर एक तृतीयांश मांडण्यांत शेजारी येतात. ७२० रंगीत मांडण्यांपैकी २ × ५!, म्हणजे २४०. तुकड्यांवर काय लिहिलंय याच्याशी या प्रमाणाचा संबंध नाही. त्यामुळे १८० पैकी ६० यायलाच हवेत. परीक्षेत आपलं उत्तर तपासायला हा ताळा फार कामाचा आहे: n अक्षरांच्या शब्दात ठरावीक दोन अक्षरं शेजारी येण्याचं प्रमाण 2/n. उत्तर या प्रमाणात बसलं नाही, तर भागाकार किंवा गुणाकार कुठेतरी चुकलाय.

आता दुसरी मागणी: ट आणि ट शेजारी नकोत. वजा करून १८० − ६० = १२०. शिकवणारे बहुधा दुसरी रीत सांगतात, फटींची. दोन्ही ट बाजूला काढा. चटकमटकमधून ट काढले की उरतं ‘चकमक’. ही चार अक्षरं ४! भागिले २! म्हणजे १२ प्रकारे मांडता येतात. चार अक्षरांच्या अवतीभवती पाच फटी असतात: तीन मध्ये, दोन टोकांना. त्यांतल्या दोन वेगळ्या फटींत एकेक ट घालायचा. फटींच्या जोड्या दहा. १२ × १० = १२०. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आलं.

खरी गंमत पुढे आहे. ट सुद्धा शेजारी नकोत आणि क सुद्धा शेजारी नकोत, असं विचारलं तर? हुशार मुलं फटींची रीत पुढे ढकलतात. चकमकच्या १२ मांडण्यांपैकी ज्यांत क वेगळे आहेत अशा सहाच घ्यायच्या, त्यांच्या फटींत दहा प्रकारे ट घालायचे, उत्तर ६०. पाहताक्षणी पटतं. पण ‘कटकचमट’ हा शब्द बघा. यात ना दोन ट शेजारी, ना दोन क. तरी तो या साठांत नाही, कारण त्यातले ट काढले तर ‘ककचम’ उरतं आणि ते आपण आधीच फेकून दिलं होतं. दोन क मध्ये उभा असलेला ट त्यांना वेगळं करतो, हे हिशेबात आलंच नाही. असे सुटलेले शब्द मोजायचे तर ‘कक’ चिकटलेल्या सहा मांडण्या घ्या. एक ट दोन क च्या मधल्या फटीत गेलाच पाहिजे, दुसरा उरलेल्या चार फटींपैकी कुठल्याही. ६ × ४ = २४. म्हणजे खरं उत्तर ६० + २४ = ८४.

वजाबाकीने तपासू. १८० मधून टट असलेले ६० काढले, कक असलेले ६० काढले. पण ज्यांत टट आणि कक दोन्ही आहेत ते दोनदा काढले गेले. टट, कक, च, म या चार तुकड्यांच्या ४! म्हणजे २४ मांडण्या परत मिळवायच्या. १८० − ६० − ६० + २४ = ८४. माझं मत विचाराल तर दोन अटी एकत्र आल्या की फटींच्या नादी न लागता सरळ ही वजाबाकी करावी. फटींची रीत एका अक्षरापुरती सुरेख आहे, दोन अक्षरांना लावली की असे शब्द हातून निसटतात. सारखी अक्षरं चार-चार असतील, जसं मिसिसिपीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये i आणि s आहेत, तर वजाबाकीही लांबते, पण ती निदान काही लपवत नाही.

शेवटी एक प्रश्न, ज्यात अट दिसत नाही पण असते: चटकमटकमधली फक्त चार अक्षरं वापरून किती शब्द? इथे पुष्कळजण ६ × ५ × ४ × ३ = ३६० ला सवयीने ४ ने भागून ९० लिहितात. ते चूक आहे. ‘टचमट’ घ्या. यात क नाहीच, मग क च्या रंगांमुळे झालेली पुनरावृत्ती कुठून येणार? हा शब्द रंगीत यादीत दोनदाच येतो, आणि आपण त्याला चाराने भागतो, म्हणजे अर्धाच मोजतो. ट, ट, च, म चे १२ आणि क, क, च, म चे १२ असे २४ शब्द अर्धे धरले गेले, म्हणून नेमके १२ कमी पडले. खरं उत्तर १०२. ते काढायचा मार्ग म्हणजे गट पाडणं: चारही अक्षरं वेगळी असलेले शब्द २४, एक जोडी आणि दोन वेगळी असलेले ७२, दोन्ही जोड्या असलेले ६.

पाच अक्षरं घेतली तर मात्र तोच आंधळा भागाकार ७२० भागिले ४ म्हणजे १८० असं बरोबर उत्तर देतो, कारण एकच अक्षर बाहेर ठेवून प्रत्येक शब्द अजूनही चारदाच येतो. चुकीची रीत अनेकांच्या वहीत टिकून राहते ती यामुळेच. तीन अक्षरी शब्दांसाठी ती ३० सांगते. तुम्ही गट पाडून मोजा, ४२ यायला हवेत.