आधी कटआउट, मग स्टाइल, शेवटी अपस्केल: क्रम चुकला की फोटो का बिघडतो?

व्हिडिओत आपण आकाशकंदिलाच्या फोटोचं वॉटरकलर पोस्टर केलं. तीच पद्धत इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढचे सगळे कंदील तुम्हाला तशाच क्रमाने करता येतील.

समजा, तुमचा फोटो 1200×1600 पिक्सेलचा आहे आणि पोस्टर A4 आकाराचं छापायचंय. 300 डीपीआयला A4 म्हणजे 2480×3508 पिक्सेल. म्हणून बरेच जण आधी फोटो मोठा करतात. इथेच गडबड होते. अपस्केलर कंदिलासोबत मागच्या भिंतीचे डागही ठळक करतो. शिवाय अनेक स्टाइल टूल्स फोटो पुन्हा लहान करूनच काम करतात, म्हणजे मेहनत वाया.

स्टाइल आधी दिली तर? रंगाचे फटकारे झिरमिळ्या आणि भिंत एकत्र मिसळून टाकतात. मग कटआउट टूलला कड सापडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. मूळ फोटोवरच कटआउट. खाली गडद रंगाचा लेयर ठेवून कड तपासा. पांढरी किनार दिसली तर सिलेक्शन एक-दोन पिक्सेल आत घ्या. ही किनार आत्ताच काढा, कारण आत्ता ती 2 पिक्सेलची आहे. स्टाइल तिला फटकारा समजून जाड करेल आणि अपस्केल ती आणखी दुप्पट करेल. मास्क, म्हणजे कंदील पांढरा आणि बाकी सगळं काळं असलेलं चित्र, वेगळं सेव्ह करा.

2. सपाट रंगावर स्टाइल. बऱ्याच टूल्सना पारदर्शक भाग कळत नाही, ती तिथे काळा किंवा पांढरा रंग भरतात. त्यापेक्षा पोस्टरचाच रंग तुम्ही मागे भरा. फाइल 1200×1600 चीच परत आली ना, ते बघा.

3. एकदाच 2 पट अपस्केल. 2400×3200 होईल. चहूबाजूंनी थोडी जागा सोडली की A4 ला पुरतं. दोनदा अपस्केल करू नका, पहिल्या वेळचे खोटे बारकावे दुसऱ्या वेळी खरे धरले जातात.

4. जुना मास्क परत लावा. मास्क मात्र साध्या रिसाइझनेच 2 पट करा. बाहेर सांडलेला रंग आपोआप कापला जाईल.

आता 100 टक्के झूमवर झिरमिळ्यांची टोकं बघा. टोकं तुटलेली दिसली तर स्टाइलने आकारच हलवलाय. मास्कशी झटापट करू नका, पायरी 2 वर जाऊन स्टाइलची तीव्रता कमी करा.

प्रत्येक पायरीची फाइल वेगळी ठेवा: `kandil_1_cut.png`, `kandil_1_mask.png`, `kandil_2_style.png`, `kandil_3_2x.png`. चूक सापडली की त्याच पायरीपासून पुढे करायचं, पहिल्यापासून नाही.

आणि हो, हे चित्र पोस्टरसाठीच. ऑर्डर घेताना ग्राहकाला मूळ फोटोच पाठवा, कारण स्टाइलने कंदिलाचा रंग बदललेला असतो.