*ठिबकच्या कोटेशनमधले तीन शब्द: एक चूक माझीही*



मागे प्रशिक्षणात मी 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' ड्रीपरला मराठीत 'दाब भरपाई करणारा ड्रीपर' म्हटलं होतं. भिवंडी तालुक्यातल्या आपल्या एका सभासदांना वाटलं, दाब कमी पडला तर हा ड्रीपर तो भरून काढेल. म्हणून त्यांनी वरकस जमिनीवरच्या आंब्याला हेच ड्रीपर बसवले आणि पाणी टाकीवरून सोडलं. खालची झाडं भिजली, वरची कोरडीच राहिली.

चूक माझ्या शब्दाची होती. हा ड्रीपर दाब तयार करत नाही, तो फक्त *धार सारखी ठेवतो*. आत रबराची चकती असते. दाब वाढला की ती वाट अरुंद करते, त्यामुळे जास्तीचं पाणी जात नाही. पण त्यासाठी किमान दाब लागतोच. त्यांच्या ड्रीपरला १ किलो लागत होता.

आता हिशोब बघा. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब मिळतो. टाकी वरच्या झाडांपेक्षा ४ मीटर उंच, म्हणजे तिथे फक्त ०.४ किलो. खालची झाडं टाकीपासून १४ मीटर खाली, तिथे १.४ किलो. शेवटी टाकी सोडून पंपाची लाईन थेट जोडली, वरच्या टोकाला गेजवर दीड किलो दाब ठेवला, तेव्हा सगळीकडे पाणी सारखं झालं.

मग साधा ड्रीपर का नको? १ किलोला ताशी ४ लिटर देणारा साधा ड्रीपर २ किलोला साडेपाच लिटरच्या वर देतो. सपाट भेंडीच्या प्लॉटला तो चालतो, उतारावर नाही.

*दुसरा शब्द: एलपीएच.* म्हणजे एका ड्रीपरमधून तासाला पडणारं पाणी, लिटरमध्ये. ४ एलपीएचच्या ड्रीपरखाली भांडं ठेवा. १५ मिनिटांत १ लिटर भरायला हवं. एकदा वरच्या टोकाला आणि एकदा खालच्या टोकाला मोजा.

*तिसरा शब्द: मेश.* म्हणजे एका इंचात जाळीची किती भोकं. नंबर मोठा तेवढं भोक *बारीक*. ठिबकला सहसा १२० मेश लागते. जाळी लवकर तुंबते म्हणून ८० ची बसवू नका, बारीक कचरा ड्रीपरमध्ये जाऊन बसेल. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की जाळी धुवायची.

कोटेशन हातात आलं की दुकानदाराला एकच विचारा: "या ड्रीपरला कमीत कमी किती दाब लागतो?" मग आपल्या शेतात सगळ्यात वरच्या झाडापाशी तेवढा दाब पोहोचतो का ते बघा. सही त्यानंतर.

कोटेशनचा फोटो याच नंबरवर पाठवला तरी चालेल, आपण मिळून वाचू.