परदेशातली पदवी सरकारी नोकरीत चालते का? समकक्षता प्रमाणपत्र असं मिळवा

पिंपळगाव बसवंत : द्राक्ष आणि टोमॅटोच्या पैशातून, नाहीतर बँकेचं कर्ज काढून, निफाड तालुक्यातली मुलं-मुली आता शिकायला परदेशात जातात. परत आल्यावर खासगी कंपनी पदवी बघून नोकरी देते, तिथे फारशी अडचण येत नाही. सरकारी भरतीत मात्र कागदपत्र तपासणीच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो : ‘ही पदवी आपल्याकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे?’ याचं लेखी उत्तर म्हणजे समकक्षता प्रमाणपत्र.

हे प्रमाणपत्र पूर्वी दिल्लीची भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, ही संस्था देत असे. ४ एप्रिल २०२५ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) यासाठी स्वतःचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार अर्ज ऑनलाइन करायचा, तज्ज्ञांची समिती तो तपासते आणि निर्णय आयोग देतो. त्यासाठी कामकाजाच्या १५ दिवसांची मुदत ठेवलेली आहे.

समिती काय बघते?

मुख्य गोष्टी तीन. पहिली, परदेशातली संस्था त्या देशात अधिकृत मान्यता असलेली हवी. दुसरी, शिक्षण वर्गात प्रत्यक्ष हजर राहून झालेलं हवं. घरी बसून ऑनलाइन किंवा पत्राद्वारे घेतलेली पदवी या नियमांत बसत नाही. तिसरी, त्या अभ्यासक्रमाला प्रवेशाची पात्रता आपल्याकडच्यासारखीच हवी. फ्रँचायझीची पदवी, म्हणजे नाव एका विद्यापीठाचं आणि शिकवणारी संस्था दुसरीच, हीसुद्धा चालत नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, पिंपळगावच्या एका मुलीने पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बीएस्सी केली. मग इंग्लंडमध्ये एक वर्षाची एमएस्सी केली. आता तिला कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं आहे. आपल्याकडे एमएस्सी दोन वर्षांची, मग तिची एक वर्षाची कशी धरायची? पूर्वी याच मुद्द्यावर अडत असे. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटनमध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी मान्य करण्याचा मार्ग मोकळा झाला.

पण इथेच एक खाच आहे. ब्रिटनमध्ये पूर्ण एमएस्सीला साधारण १८० क्रेडिट लागतात. त्यातली बरीचशी शेवटच्या प्रबंधाची असतात. प्रबंध अर्धवट सोडला तर १२० क्रेडिटवर ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा’ हातात पडतो. वर्ष तेवढंच गेलं, फीही जवळपास तेवढीच गेली, पण ती एमएस्सी नव्हे. त्यामुळे प्रमाणपत्रावर नेमकं काय छापलंय ते परत येण्याआधीच वाचावं.

या मुलीने अर्जासाठी दहावी, बारावी आणि बीएस्सीची गुणपत्रकं, एमएस्सीचं पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या विषयांची ट्रान्सक्रिप्ट तयार ठेवावी. पासपोर्टवरचे व्हिसा आणि येण्या-जाण्याचे शिक्केही जपून ठेवावेत, कारण ती खरोखर तिथे राहून शिकली हे त्यावरून दाखवता येतं. अर्जाची लिंक, फी आणि कागदांची ताजी यादी एजंटला न विचारता ugc.gov.in वर बघावी. अर्ज नाकारला गेला तर फेरविचाराची मागणी करता येते; त्यासाठी कामकाजाचे ३० दिवस मिळतात.

गल्लत कुठे होते?

बरेच जण अपॉस्टिललाच समकक्षता समजतात. अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढाच दाखला. तो पदवी ज्या देशाची, त्याच देशात मिळतो. ब्रिटनच्या पदवीसाठी मंत्रालयात खेटे घालून उपयोग नाही. कॅनडाला जाण्यासाठी काढलेला ‘डब्ल्यूईएस’चा अहवालही इथे समकक्षता प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

दुसरी गल्लत वैद्यकीय शिक्षणाची. डॉक्टरी, फार्मसी, नर्सिंग, वकिली आणि आर्किटेक्चर या पदव्यांना यूजीसीचे हे नियम लागू नाहीत. तिथे त्या-त्या परिषदेचे नियम चालतात. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्याला ‘एफएमजीई’ ही परीक्षा पास व्हावी लागते.

तिसरी चूक वेळेची. सरकारी भरतीत पात्रता साधारणपणे अर्जाच्या शेवटच्या तारखेला बघतात. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदवी हातात पडली की लगेच समकक्षतेचा अर्ज करावा.

आणि जे अजून गेलेच नाहीत त्यांनी फी भरण्याआधी एक काम करावं. कॉलेजला पदवी देण्याचा अधिकार आहे का, हे त्या देशाच्या सरकारी यादीत तपासावं. ब्रिटनसाठी अशी तपासणी gov.uk वर होते. यादीत नाव नसेल तर पुढे समकक्षता मिळणं अवघड, मग एजंट काहीही सांगो.